साठ दिवस उलटलेलं बिल

वणी तालुक्यातलं राजूर दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं: कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या. चुनखडी आणि कोळसा यांचे थर भट्टीत आळीपाळीने रचायचे, भाजायचे आणि निघालेला कळीचा चुना ट्रकमध्ये भरून रवाना करायचा, हा इथला जुना धंदा. या धंद्यात पैसे जातात कधी आणि येतात कधी, हे पाहिलं की थकलेल्या बिलाचा प्रश्न नीट समजतो. कोळसा बहुधा पैसे आधी भरूनच उचलावा लागतो. मजुरी आठवड्याला द्यावी लागते. दगडवाला आणि ट्रकवाला फार दिवस थांबत नाहीत. चुना मात्र उधारीवर जातो, कारण घेणारे मोठे असतात: साखर कारखाने, कागद गिरण्या, पाणीशुद्धीकरण केंद्रं, व्यापारी. म्हणजे भट्टीवाला आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या उद्योगाला बिनव्याजी कर्ज देत असतो. ठरलेल्या मुदतीपलीकडे दोन महिने गेले की ते कर्ज त्याच्याच पुढच्या भट्टीच्या भरणीतून वजा होतं.

अशा वेळी पैशांची आठवण करून देणारं पत्र कसं लिहावं, यावर बहुतेकांचं उत्तर असतं, ‘नम्रपणे.’ ते बरोबरच आहे, पण नम्रता ‘कृपया’ किती वेळा लिहिलं यात नसते. समोरच्या लेखा विभागातल्या माणसाला काहीही शोधायला न लावता एका ओळीत उत्तर देता येईल असं पत्र लिहिणं, ही धंद्यातली खरी नम्रता. आणि पैसे मिळवण्याचा तोच सगळ्यात जवळचा रस्ता आहे, असं माझं ठाम मत आहे.

एक काल्पनिक पण कागदोपत्री नेमकं उदाहरण घेऊ. राजूरच्या एका भट्टीने 11 डिसेंबर 2023 रोजी एका खासगी साखर कारखान्याला वीस टन कळीचा चुना पाठवला. भाव टनाला सहा हजार धरू. मालाचे 1,20,000 रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटीचे 6,000, एकूण बिल 1,26,000 रुपये. ट्रक 12 डिसेंबरला कारखान्याच्या काट्यावर पोचला. खरेदी आदेशात मुदत लिहिली होती माल पोचल्यापासून तीस दिवस. म्हणजे 11 जानेवारी 2024 ला पैसे यायला हवे होते. आज तारीख 11 मार्च. दोन महिने उलटलेत. फोनवर दोनदा ‘बिल प्रोसेसमध्ये आहे, भाऊ’ एवढंच ऐकायला मिळालंय.

पत्राला हात घालण्याआधी ‘प्रोसेसमध्ये’ म्हणजे नक्की कुठे, हे शोधायचं. मोठ्या कारखान्यात चुना उतरला की आधी फाटकावरच्या काट्यावर वजन होतं. मग भांडार विभाग माल मिळाल्याची नोंद करतो, तिला सगळे जीआरएन म्हणतात. नमुना प्रयोगशाळेत जातो, चुन्यात कामाचा कॅल्शियम ऑक्साइड किती टक्के आहे ते पाहिलं जातं. खरेदी विभाग भाव आणि अटी तपासतो. या सगळ्यांच्या सह्या झालेला कागद लेखा विभागात पोचला, की मगच बिल देय रकमांच्या यादीत चढतं. यातली एक जरी सही राहिली, तरी लेखापालाच्या दृष्टीने तुमचं बिल अस्तित्वातच नसतं. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या संगणकात ते खरोखरच दिसत नसतं.

दुसरी अडचण आपल्याच बाजूला असू शकते, आणि ती छोट्या उद्योगांच्या फारशी ध्यानात येत नाही. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना जीएसटीचं विवरण तीन महिन्यांतून एकदा भरायची सोय आहे. ती घेतली आणि दर महिन्याच्या तेरा तारखेपर्यंत बिलांची यादी चढवण्याची ऐच्छिक सोय वापरली नाही, तर ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमधलं बिल ग्राहकाच्या `GSTR-2B` या तक्त्यात थेट जानेवारीत दिसतं. तोवर ग्राहकाला त्या कराची वजावट घेता येत नाही. म्हणून बरेच लेखा विभाग बिल तक्त्यात दिसेपर्यंत निदान कराची रक्कम तरी रोखून धरतात, काही ठिकाणी तर अख्खं बिलच. आपल्या उदाहरणात बिल डिसेंबरचं आहे, तेव्हा जानेवारीत विवरण वेळेवर गेलं असेल तर ही सबब उरत नाही. पण ते गेलंय की नाही, हे पत्र लिहिण्याआधी आपल्या कर सल्लागाराला विचारलंच पाहिजे. विवरण आपलंच राहिलं असेल, तर तक्रारीचं पत्र आपल्यावरच उलटतं.

खरेदी आदेशाचा क्रमांक बिलावर होता का, काटा पावतीवरचं वजन आणि बिलावरचं वजन जुळतंय का, हेही याच वेळी पाहून घ्यावं. कळीचा चुना हवेतली ओल धरतो. ओल धरली की तो फुलतो, त्याची भुकटी होते, आणि वजन आणि गुण दोन्ही बदलतात. म्हणून राजूरच्या काट्यावरचा आकडा आणि कारखान्याच्या काट्यावरचा आकडा यांत थोडा फरक पडणं नवं नाही. ठरल्याप्रमाणे कोणतं वजन धरायचं, हे आदेशात लिहिलेलं असतं. ग्राहकाच्या काट्याचं धरायचं असेल, तर मागणीही त्याच वजनावर करावी. चुकीच्या रकमेची मागणी केली की पत्राचं उत्तर पैशांऐवजी वजनाबद्दल येतं आणि आणखी तीन आठवडे जातात.

एवढं झालं की पत्र. ते कुणाला लिहायचं? मालकाला किंवा कार्यकारी संचालकाला पहिल्याच झटक्यात लिहिलं, तर लेखापालाला आपली वर तक्रार झाल्यासारखं वाटतं, आणि पुढची अनेक वर्षं आपली बिलं त्याच माणसाच्या टेबलावरून जाणार असतात. म्हणून पत्र लेखा विभागप्रमुखाला, प्रत खरेदी आणि भांडार विभागाला. ईमेलनेच पाठवावं, व्हॉट्सॲपवर फक्त ‘साहेब, मेल केलाय, बघून घ्या’ एवढं कळवावं. विषयाच्या ओळीतच बिल क्रमांक, रक्कम आणि देय तारीख यावी, कारण रोज शंभर मेल उघडणारा माणूस आधी तीच ओळ वाचतो. मजकूर साधारण असा:

‘मा. लेखा व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या खरेदी आदेशानुसार दि. 12 डिसेंबर 2023 रोजी आपल्या कारखान्यात वीस टन कळीचा चुना पोचता केला. त्यापोटी दि. 11 डिसेंबरच्या बिलाचे रु. 1,26,000 ठरल्याप्रमाणे 11 जानेवारी 2024 रोजी येणे होते. आमच्या खात्यात ही रक्कम अद्याप जमा झालेली नाही. दरम्यान आपण ती पाठवली असल्यास कृपया बँकेचा व्यवहार क्रमांक कळवावा, म्हणजे आम्ही आमच्या बाजूने तपासून घेऊ.

पाठवली नसल्यास बिल सध्या कोणत्या विभागात आहे आणि रक्कम कोणत्या तारखेला मिळेल, एवढं 15 मार्चपर्यंत कळवावं ही विनंती. एखादा कागद कमी असल्यास तोही सांगावा, त्याच दिवशी पाठवू. बिल, काटा पावती, ट्रकच्या बिल्टीवरील पोच, ई-वे बिल आणि आमचं उद्यम प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.

आमची नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून आहे. आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपत असल्याने ही रक्कम त्याआधी मिळाल्यास दोन्ही बाजूंच्या हिशेबाला सोयीचं होईल.

कळावे, लोभ असावा.’

या पत्रात ‘लवकरात लवकर’ हा शब्दप्रयोग नाही, हे मुद्दाम आहे. त्याला तारीख नसते, आणि तारीख नसलेली विनंती कुणाच्याच कामाच्या यादीत चढत नाही. प्रश्न दोनच आहेत: बिल कुठे आहे, आणि पैसे कधी. ‘आपण पाठवली असल्यास’ या वाक्याला केवळ शिष्टाचार समजू नये. मोठ्या कंपन्या कधी कधी चार बिलांचे पैसे एकत्र टाकतात, त्यातून कर कापतात, आणि आपल्या खात्यात आलेली रक्कम कुठल्याच बिलाशी जुळत नाही. तेव्हा चूक आपल्या वहीतही असू शकते, आणि या वाक्यामुळे ती खजील न होता दुरुस्त करता येते.

शेवटून दुसरा परिच्छेद सगळ्यात मृदू वाटतो, पण पत्राचा खरा जोर तिथे आहे. तो समजण्यासाठी थोडं कायद्याकडे वळावं लागेल.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा. त्याच्या कलम 15 नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर पंधरा दिवस. आदेशात कुणी ‘नव्वद दिवस’ लिहून घेतलं, तरी कायदा पंचेचाळीसच मोजतो. माल ‘स्वीकारला’ कधी धरायचा, तेही कायद्यात आहे: पोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं मानलं जातं. चुन्यासारख्या मालासाठी हे फार महत्त्वाचं आहे. मार्चमध्ये कुणी फोनवर म्हणालं की डिसेंबरचा चुना कमी प्रतीचा होता, तर मुदतीच्या मोजणीसाठी त्या बोलण्याला अर्थ नाही. हरकत 27 डिसेंबरपर्यंत आणि कागदावर यायला हवी होती. तीन महिने गोदामात पडलेल्या कळीच्या चुन्याचा नमुना आता तपासून तसंही काही सिद्ध होत नाही, कारण तोवर तो ओल धरून बदललेला असतो.

उशीर झाला तर कलम 16 नुसार व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. आपल्या उदाहरणातल्या काळात बँक दर 6.75 टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला 20.25 टक्के, महिन्याला 1.6875 टक्के. 1,26,000 रुपयांवर पहिल्या महिन्याचं व्याज 2,126 रुपये, दुसऱ्याचं 2,162. दोन महिन्यांत साधारण 4,288 रुपये. आकडा बिलाच्या मानाने लहान आहे. पण ग्राहकाला तो खर्च म्हणून आयकरात वजाही करता येत नाही, आणि तो दर महिन्याला फुगत जातो.

मग तो पत्रात का लिहिला नाही? कारण पहिल्या लेखी आठवणीत व्याजाचा आकडा आला, की लेखापाल बिल बाजूला ठेवून पत्र वरिष्ठांकडे किंवा कायदा सल्लागाराकडे सरकवतो, आणि कामाचा विषय भांडणाचा होतो. व्याजाचा हक्क न बोलल्याने जात नाही. जातो तो ‘व्याज नको, फक्त मुद्दल द्या’ असं लिहून दिल्याने. निदान ते वाक्य पुढे आपल्याविरुद्ध वाचलं जातं. म्हणून गप्प राहावं, पण माफी लिहून देऊ नये. सोबत उद्यम प्रमाणपत्र जोडलं, की ज्याला कळायचं त्याला कळतं.

आणि मार्चमध्ये ते हमखास कळतं. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम 43 ब मध्ये ‘ह’ हे नवं पोटकलम घातलं आणि 2023-24 या वर्षाच्या हिशेबापासून ते लागू झालं. कलम 15 ची मुदत उलटूनही सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे वर्षअखेरीला देणं बाकी असेल, तर तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही; पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच करता येतो. आपल्या ग्राहकाने 31 मार्चपूर्वी पैसे दिले, तर दोन महिने उशीर होऊनही वजावट याच वर्षी मिळते. 1 एप्रिलला दिले, तर 1,20,000 रुपये या वर्षीच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर भरावा लागतो. एका बिलाने फार बिघडत नाही, पण अशी पन्नास बिलं पडून असलेल्या कारखान्याचा लेखापरीक्षक मार्चमध्ये हीच यादी मागतो: सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी किती, कुणाची, किती दिवसांची. अशा यादीत नाव यायला हवं असेल, तर आपण त्या वर्गात आहोत हे ग्राहकाच्या दप्तरी आधीच नोंदलेलं हवं. ते प्रमाणपत्र बिलासोबत पहिल्याच दिवशी गेलं असतं, तर कदाचित पत्राची वेळच आली नसती.

इथे एक मर्यादा नीट समजून घ्यावी. हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. भट्टीवरून चुना विकत घेऊन पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. पंचेचाळीस दिवसांचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही. नोंदणीही माल पाठवण्याआधीची असावी. थकबाकी झाल्यावर केलेल्या नोंदणीचा जुन्या बिलाला उपयोग होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, आणि एका ट्रकच्या बिलासाठी त्या वादात पडणं कुणालाच परवडणारं नाही.

ग्राहकाच्या बाजूने आणखी एक तारीख चालू असते. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेली जीएसटीची वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. आपल्या बिलासाठी तो दिवस 8 जून 2024. हे पहिल्या पत्रात लिहायची गरज नाही, पण मे महिन्यात दुसरं पत्र लिहावं लागलं तर हे एक वाक्य त्यात जरूर घालावं. ते धमकीसारखं वाटत नाही, कारण नुकसान ग्राहकाचं आहे आणि आपण ते आधी सांगतोय.

पत्राचं उत्तर आलं की त्याकडेही पैशांइतक्याच काळजीने बघावं. ‘आपले बिल क्रमांक अमुकचे रु. 1,26,000 देणे असून 28 मार्चला अदा करू’ असं लेखी उत्तर आलं, तर ते पैशांच्या खालोखाल मोलाचं आहे. उधारीच्या मालाचे पैसे वसूल करायला दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, ठरलेली उधारी संपली त्या दिवसापासून. मुदत कायदा 1963 च्या कलम 18 प्रमाणे, ती तीन वर्षं संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून देणं कबूल केलं, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. शिवाय देणं कबूल झालं, की वजन, प्रत, कागद अशा हरकतींना नंतर फारसं बळ उरत नाही. म्हणूनच फोनपेक्षा ईमेल, आणि म्हणूनच एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न.

दुसऱ्या प्रकारचं उत्तर असतं, ‘जीआरएन झालेला नाही.’ मग पत्र न लिहिता थेट भांडारातल्या माणसाला फोन करावा, काटा पावती आणि पोच पुन्हा पाठवावी आणि जीआरएनचा क्रमांक मागावा. तो क्रमांक हाती आला की लेखा विभागाला दोन ओळींचा मेल: ‘आता नोंद झाली आहे, क्रमांक अमुक.’ यात कुणाला दोष द्यायचा नसतो. त्या भांडारपालाकडे पुढचा ट्रकही उतरवायचा आहे.

तिसरं उत्तर मात्र ओळखायला शिकलं पाहिजे. ‘सध्या थोडं टाइट आहे, बघू’ असं जिथे ऐकू येतं, तिथे अडचण कागदात नसून तिजोरीत असते, आणि कितीही सुरेख पत्र लिहून रिकामी तिजोरी भरत नाही. अशा वेळी अर्धी रक्कम या तारखेला, अर्धी त्या तारखेला, असे हप्ते लेखी ठरवून घ्यावेत, आणि नवा माल जुने पैसे आल्यावरच सोडावा. हे दुसरं सांगायला भट्टीवाल्यांना फार जड जातं, मला माहीत आहे. भट्टी पेटती ठेवायची तर माल निघत राहिला पाहिजे, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या भट्टीकडे जाईल ही भीती खरी असते. तरी जुन्या बिलावर नवी उधारी चढवणं म्हणजे आपल्या कोळशाच्या पैशांनी त्याचा धंदा चालवणं आहे, आणि पहिला हप्ता चुकला की हे उघड होतं.

पत्राला उत्तरच आलं नाही, तर आठवड्याभराने तेच पत्र पुढे पाठवावं, वर फक्त एक ओळ लिहून, आणि यावेळी प्रत कारखान्याच्या वित्तप्रमुखाला. त्यानंतरही शांतता असेल, तर थकीत बिलांच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारचं पोर्टल आहे. त्यावर उद्यम क्रमांक टाकून तक्रार नोंदवता येते; ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो न झाल्यास लवादाप्रमाणे निकाल देते. कायद्यात त्यासाठी नव्वद दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात अनेकदा जास्त लागतात. पण निकाल आपल्या बाजूने लागला आणि ग्राहकाला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी रकमेच्या 75 टक्के न्यायालयात जमा करावे लागतात, आणि तिथे ते कलम 16 चं व्याज पूर्ण मागता येतं. तक्रारीला जोडायचे कागद म्हणजे 11 मार्चच्या पत्राला जोडलेलेच: बिल, काटा पावती, पोच, ई-वे बिल, उद्यम प्रमाणपत्र, आणि त्यांच्यासोबत आता ते पत्रही.